चढता डुंग, उतरता डुंग

हाडांच्या वॉर्डात तिला सगळे ‘उठाबाई’ म्हणत. खरं पद फिजिओथेरपिस्टचं. पण गुडघा बदललेला असो की खुबा जोडलेला, सकाळी पलंगापाशी आली की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘उठा’. माणसं कुरकुरत, शिव्या घालत, क्वचित रडतही, पण उठत. गोड बोलून, दटावून, वेळ पडली तर थापा मारून तिने भल्याभल्यांना पायांवर उभं केलं होतं. म्हणून खिडकीजवळच्या पलंगावरच्या व्हिएतनामी आजी उठेनात, तेव्हा ते तिच्या अगदी जिव्हारी लागलं.

आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, अंगाने काडीसारख्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मुलगा मालवाहू बोटीवर, सून मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात. त्या कारखान्यापायी गावात बरीच व्हिएतनामी कुटुंबं येऊन राहिली होती आणि त्यांच्यातले म्हातारेकोतारे आता दवाखान्यात दिसू लागले होते. आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. “हाड पक्कं बसलंय,” डॉक्टर म्हणाले. “उद्यापासून उभं करा. जितकं सोसेल तितकं वजन पायावर टाकू दे.”

उठाबाईला वाटलं होतं, हे काम म्हणजे हातचा मळ. एक तर आजींचं वजन किती असणार? आणि दुसरं म्हणजे तिने भाषेचा वर्ग लावला होता.

दवाखान्याने कर्मचाऱ्यांसाठी तो वर्ग नुकताच काढला होता. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये. शिकवायला एका शाळेतल्या गणिताच्या बाई येत. व्हिएतनामी होत्या, पण लहानपणापासून इकडेच वाढल्यामुळे दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलत. बारीक अंगाच्या, आवाज खणखणीत आणि चूक म्हणून खपवून घेणार नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द सहा वेळा लिहिला:

ma, mà, má, mả, mã, mạ.

“वाचा,” बाई म्हणाल्या.

“मा, मा, मा, मा, मा, मा,” उठाबाई म्हणाली आणि सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. “पहिल्यावर काही खूण नाही. आवाज सपाट, एकाच पट्टीत ठेवायचा. अर्थ भूत. दुसऱ्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ. आवाजही उतरायचा, तुम्ही कंटाळून ‘बरं’ म्हणता तसा. अर्थ ‘पण’. तिसऱ्यावर चढणारी रेघ. आवाज वर. कुणी भलतंच काही सांगितलं की ‘काय?’ म्हणता ना, तसा. अर्थ आई, निदान दक्षिणेकडे. उत्तरेत गाल.”

“आणि चौथ्यावरचा हा आकडा?”

“बिनटिंबाचं प्रश्नचिन्ह समजा. आवाज खाली बुडी मारतो आणि परत वर येतो. अर्थ थडगं. पाचव्यावर नागमोडी रेघ. आवाज वर चढताना मध्येच घशात अडकतो, उचकी लागावी तसा, आणि पुढे जातो. जुन्या जोडशब्दांमधला घोडा. आणि सहाव्याला टिंब खाली. आवाज खाली आपटायचा आणि तिथेच तोडायचा. भाताचं रोप.”

“म्हणजे आई म्हणायला जावं तर भूत,” मागून औषधविभागातला एकजण म्हणाला.

“किंवा थडगं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणून खुणा सोडायच्या नाहीत. ती अक्षरावरची नक्षी नाही, ती शब्दाचाच भाग आहे.”

उठाबाईने हात वर केला. “पण बाई, सूर तर आम्हीही बदलतो. रागात एक, लाडात एक.”

“तुमच्याकडे सूर माणसाच्या मनाचा असतो. आमच्याकडे तो शब्दाचा असतो. तुम्हाला राग आला म्हणून तो बदलत नाही.”

हे वाक्य उठाबाईला आवडलं. तिने मान डोलावली आणि विसरून गेली. तिला घाई होती कामाच्या शब्दांची. बाईंनी दवाखान्यातल्या लोकांसाठी एक पान छापून आणलं होतं: बसा, झोपा, उभ्या राहा, चाला, दुखतंय. प्रत्येकाच्या डोक्यावर, पायाशी कसल्या कसल्या रेघा. तिने ते शब्द सरळ आपल्या अक्षरांत उतरवून घेतले. बसा म्हणजे ‘ङोई’. झोपा म्हणजे ‘नम’. उभं राहा म्हणजे ‘डुंग’, त्यातला उ ओठ गोल न करता. चाला किंवा जा म्हणजे ‘डी’, आणि हाच डी दुसऱ्या शब्दापुढे लावला तर ‘जरा करा ना’ असं आर्जव होतं. आजीला ‘बा’ म्हणायचं. आपल्या अक्षरांत रेघा कुठे द्यायच्या ते तिला कळेना, म्हणून तिने त्या दिल्याच नाहीत.

घरी नवऱ्याने कागद पाहिला. “आजीला बा म्हणायचं? मग बापाला काय, आई?”

“तू गप बस. तीन दिवसांत फाडफाड बोलेन बघ.”

आजींचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी ती पलंगापाशी उभी राहिली, छातीवर हात ठेवून हसली आणि म्हणाली, “ङोई, बा.” आवाज तिचा नेहमीचा, उठवतानाचा. ठाम, शेवटी खाली टेकणारा.

आजींचे डोळे लकाकले. त्या कोपरावर जोर देऊन हळूहळू पलंगाच्या कडेला बसल्या. पाय खाली सोडले. उठाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“नम,” ती म्हणाली. आजी झोपल्या.

“ङोई.” आजी पुन्हा बसल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईने टाळ्या वाजवल्या.

मग उठाबाईने वॉकर पुढे ओढला, दोन्ही तळहात वर उचलत खूण केली आणि म्हणाली, “डुंग डी, बा!”

आजी बसून राहिल्या.

“डुंग डी.”

आजींनी तिच्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, मान डोलावली आणि पाय पलंगावर घेतले.

“पहिला दिवस आहे,” उठाबाई स्वतःशी म्हणाली. “घाबरल्यात.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने सिस्टरला मदतीला घेतलं. वॉर्डाची ही मुख्य सिस्टर वयाने मोठी आणि बोलायला फटकळ. दोघींनी दोन्ही बगलांत हात घालून आजींना उचललं आणि उठाबाई कानाशी ओरडली, “डुंग! डुंग डी!” आजींनी पलंगाची दांडी अशी काही धरली की बोटं पांढरी पडली. त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे पाहत होत्या. शेवटी दोघींनी त्यांना खाली ठेवलं.

“हिला सगळं कळतंय,” सिस्टर कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. “बस म्हटलं की बसते, झोप म्हटलं की झोपते. फक्त उठायचं म्हटलं की बहिरी.”

हीच गोष्ट उठाबाईला डाचत होती. भाषा येत नाही असं म्हणावं तर दोन शब्द अगदी बिनचूक कळतात. तिसराच तेवढा कळत नाही? हा शुद्ध आडमुठेपणा होता. तिने हट्टी माणसं खूप पाहिली होती, पण ती भांडायची तरी. या आजी मान डोलवायच्या. प्रत्येक ‘डुंग डी’ला अदबीने, समजलं समजलं अशी मान डोलवायच्या आणि आडव्या व्हायच्या. त्या मान डोलावण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मोबाईलवर भाषांतर करून बघावं, तर वॉर्डात त्याला बंदी. सून कारखान्यातून सुटून यायची तेव्हा उठाबाईची पाळी संपलेली असायची. दुभाष्या फोनवर मिळायचा, पण तो डॉक्टरांच्या फेरीपुरता. त्या फेरीची तिने चातकासारखी वाट पाहिली.

डॉक्टर आले. फोन स्पीकरवर लावून उशीवर ठेवला. “दुखतंय का विचारा,” डॉक्टर म्हणाले. दुभाष्याने विचारलं. आजी काहीतरी बोलल्या.

“थोडंसं, म्हणतात. सोसवतं.”

“या मॅडम व्यायाम घेतात, त्यांचं ऐकता का विचारा.”

आजी आता बरंच बोलल्या, उठाबाईकडे बोट दाखवून.

फोनमधून आवाज आला, “त्या म्हणतात, या बाई फार चांगल्या आहेत. रोज येतात. त्या सांगतात तसं मी अगदी तंतोतंत करते.”

वॉर्डात कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांनी भुवई वर करून उठाबाईकडे पाहिलं. तिचं तोंड लाल झालं. “तंतोतंत? डॉक्टर, धडधडीत खोटं आहे हे! विचारा त्यांना, मग उभ्या का राहत नाहीत?”

पण डॉक्टरांचा दुसरा फोन वाजत होता आणि दुभाष्याला पुढच्या दवाखान्यात जोडायचं होतं. “बघा तुम्ही,” डॉक्टर जाता जाता म्हणाले. “पण असंच चाललं तर मला त्यांना दीर्घकाळच्या विभागात हलवावं लागेल. हा पलंग अडवून ठेवता येणार नाही.”

दीर्घकाळचा विभाग मागच्या इमारतीत होता. तिथे माणसं कुशीवर वळवत, भरवत, पुसत. उभं कुणी करत नसे. तिकडे गेलेलं माणूस चालत परत आल्याचं उठाबाईला आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी वर्ग होता. ती गेली नाही. घरी येऊन तिने भांडी इतकी आदळली की नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“कुणाचा राग आहे तो त्या कढईवर?”

“आजींचा. तोंडावर गोड आणि आतून एक नंबरची बेरकी. मी जीव तोडून सांगते, अगं बाई ऊठ, पाय धरून बसतील, फुप्फुसात पाणी होईल. आणि ती नंदीबैलासारखी मान हलवते! आणि वर सगळ्यांपुढे मलाच खोटं पाडते.”

“भाषेची काही गडबड नसेल ना?”

“बस कळतं, झोप कळतं, आणि ऊठ कळत नाही? तूच सांग.”

नवऱ्याने कढई तिच्या हातातून काढून घेतली.

त्यानंतर दोन दिवसांनी ती गोष्ट घडली. उठाबाई दुसऱ्या पेशंटला घेऊन व्हरांड्यात फिरत होती. परत वॉर्डात शिरली आणि दारातच थबकली. खिडकीजवळच्या पलंगापाशी आजी उभ्या राहत होत्या. एकट्याच. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी वॉकर जवळ ओढला होता, दोन्ही हात त्यावर रोवले होते आणि गुडघे थरथरत असतानाही त्या इंच इंच वर येत होत्या. पाठ अर्धी सरळ झाली होती. नजर न्हाणीघराच्या दाराकडे होती.

उठाबाईला आनंद आवरेना. “डुंग!” ती दारातूनच ओरडली. “डुंग, बा! डुंग डी! डुंग!”

आजी दचकल्या. तिच्याकडे पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं. आणि मटकन खाली बसल्या. वॉकर ढकलून दिला, पाय वर घेतले, चादर गळ्यापर्यंत ओढली.

उठाबाईचा तोल गेला. “बघितलंत?” ती सिस्टरच्या टेबलावर हात आपटत म्हणाली. “स्वतःहून उभी राहते! पाय शाबूत आहेत, ताकद आहे. मी दिसले की बसते. माझ्यावर खुन्नस आहे तिची, दुसरं काही नाही! माझे हात टेकले. हलवा तिला, जिकडे हलवायचं तिकडे हलवा.”

“मी डॉक्टरांना सांगते,” सिस्टर म्हणाली आणि लगेच आजींच्या केसपेपरवर लिहिलं: पेशंट सहकार्य करत नाही. पुढच्या सोमवारी मागच्या इमारतीत पलंग रिकामा होणार होता.

पुढच्या वर्गाला उठाबाई गेली ती नाव काढून घ्यायला. बाई फळा पुसत होत्या, बाकीचे अजून जमायचे होते. तिने छापील पान टेबलावर ठेवलं.

“बाई, मला हे जमणार नाही. उगाच तुमचा वेळ नको.”

“एकाच वर्गात?”

“शिकून उपयोग काय? समोरच्याला ऐकायचंच नसेल तर?” आणि मग तिच्या तोंडाला फेस येईपर्यंत तिने सगळं सांगितलं. बस म्हटल्यावर बसणं, झोप म्हटल्यावर झोपणं, दुभाष्यासमोरचं ते ‘तंतोतंत’, आणि त्या दिवशीचं ते मटकन बसणं.

बाई फडकं हातात धरून ऐकत होत्या. “तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणता?”

“तुम्हीच शिकवलेलं. डुंग डी, बा.”

“वर्गात म्हणता तसं नको. मी पेशंट आहे असं समजा आणि मला उठवा.”

उठाबाईने कमरेवर हात ठेवला आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, “डुंग डी, बा!”

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. “पुन्हा.”

“डुंग डी!”

बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले, एकाखाली एक.

đứng

đừng

“फरक सांगा.”

उठाबाईने डोळे बारीक केले. “वरच्याची रेघ चढतेय. खालच्याची उतरतेय.”

“वरचा म्हणजे उभं राहणं. तुम्ही खालचा म्हणता आहात. त्याचा अर्थ ‘नको’. करू नका. आणि त्याच्यापुढे डी लावलात की ते आर्जव उरत नाही, ते ‘जाऊ नका’ होतं.” बाईंनी खालच्या शब्दावर खडू टेकवला. “तुम्ही रोज सकाळी त्या आजींना सांगता आहात, जाऊ नका, आजी.”

हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. खाली कॅन्टीनमध्ये कुणीतरी खुर्च्या एकमेकींवर चढवत होतं. उठाबाई जवळच्या बाकावर बसली.

“पण बसा, झोपा कळलं त्यांना,” ती कशीबशी म्हणाली.

बाईंनी तेही लिहिलं: ngồi, nằm. “दोन्हींची रेघ उतरती आहे. आणि तुमचा हुकमाचा आवाज उतरताच असतो. ते दोन आपोआप बरोबर आले. हा तिसरा चढता आहे, तो आपोआप चुकला. जितक्या जोरात म्हणाल तितका जास्त खाली जाईल.”

उठाबाईच्या डोळ्यांसमोरून सगळं एकदम गेलं. ती हातांनी ‘वर’ अशी खूण करायची आणि तोंडाने ‘नको’ म्हणायची. म्हणजे आजींना ते ‘असं उठायचं नाही’ असंच दिसलं असणार. दोघींनी धरून उचलायचं आणि कानात ओरडायचं, नको, नको. आणि त्या दिवशी, बिचारी स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात निघाली होती तेव्हा दारातून. तंतोतंत. आजी खरंच तंतोतंत ऐकत होत्या.

“मला आधी शरम वाटायला हवी,” ती म्हणाली, “पण मला संतापच येतोय. एवढ्याशा रेघेचा!”

“नंतर संतापा. आत्ता म्हणा. đứng.”

तिने म्हटलं. खाली गेलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा खाली. बाई म्हणाल्या, “आश्चर्याने ‘काय?’ म्हणा.” “काय?” “तोच सूर ठेवा. đứng.” ती ‘काय?’ सुरेख म्हणायची आणि डुंगवर आली की आवाज पायरीवरून घसरल्यासारखा खाली. वर्ग भरला, बाकीचे आले, मागच्या बाकावर बसून ती पुटपुटत राहिली. औषधविभागातल्या माणसाला पहिल्या फटक्यात जमलं, तेव्हा तिला त्याच्या डोक्यात पान घालावंसं वाटलं.

“हुकूम सोडायचा, पण विचारल्यासारखा?” ती वैतागून म्हणाली. “जन्मात असं बोलले नाही मी!”

“तुम्ही हुकूम सोडूच नका,” बाई म्हणाल्या. “फक्त शब्द म्हणा.”

घरी जाताना, भाजी चिरताना, दात घासताना ती म्हणत राहिली. नवरा प्रत्येक वेळी “काय?” म्हणून वळायचा, आणि ती म्हणायची, “हं, तसंच, अगदी तसंच म्हण परत.”

सोमवारी ती पाळीच्या आधी पोचली. आजींचं सामान एका पिशवीत भरून पायथ्याशी ठेवलं होतं. मागच्या इमारतीतले दोघे ढकलगाडी घेऊन येणारच होते.

“थोडा वेळ द्या मला,” ती सिस्टरला म्हणाली.

“आता? तूच म्हणालीस ना हलवा म्हणून?”

“मी चूक म्हणाले. ती हट्टी नाहीये. मी तिला रोज ‘उठू नका’ म्हणून सांगत होते.”

सिस्टरचं तोंड उघडं राहिलं. “म्हणजे?”

“नंतर सांगते.”

ती पलंगापाशी गेली. आजींनी नेहमीप्रमाणे अदबीने मान लववली. त्या आठवड्यातच केवढ्या आक्रसल्या होत्या. मनगटं चिपाडासारखी झाली होती. उठाबाईने हातांनी कसलीही खूण केली नाही. दीर्घ श्वास घेतला, आणि सगळा जोर काढून टाकून, भलतंच काही ऐकल्यासारखा आवाज वर नेत म्हणाली, “Đứng?”

आजींनी मान वर केली.

तिने पुन्हा म्हटलं. “Đứng.” आवाज जरा खाली घसरला. तिने दात-ओठ खाल्ले. “Đứng!”

आजी तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी स्वतः शब्द उच्चारला, स्वच्छ, चढता, आणि बोट जमिनीकडे केलं. हाच का? उठाबाईने जोरजोरात मान हलवली. आजींनी मग दुसरा उच्चारला, उतरता, आणि हाताने ‘नाही’ केलं. हा नाही? उठाबाई म्हणाली, “नाही! तो नाही! तो कधीच नव्हता!” हे सगळं तिच्याच भाषेत, पण तिच्या चेहऱ्यावरून आजींना काय ते समजलं असावं.

त्यांनी वॉकरकडे हात केला. उठाबाईने तो दिला. आजी उठल्या. पाय लटपटले, दोनदा खाली बसल्या, तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. उभ्या राहून त्या काहीतरी बोलल्या, मोठ्याने, भरभर, एकसारखं. त्यातला एकही शब्द उठाबाईला कळला नाही. पण सूर मनाचा नसतो असं बाई कितीही म्हणोत, ही चक्क शिवीगाळ होती हे सबंध वॉर्डाला कळलं. सिस्टरने ढकलगाडीवाल्यांना परत पाठवलं.

केसपेपरवरचं ते वाक्य उठाबाईने डॉक्टरांसमोर खोडलं आणि का खोडलं ते सांगितलं. डॉक्टर हसले, मग तिचा चेहरा पाहून थांबले. त्यांनी आजींना पंधरा दिवस वाढवून दिले आणि दुभाष्या व्यायामाच्या वेळीही मिळेल अशी व्यवस्था केली, जी पहिल्या दिवशीच व्हायला हवी होती. उठाबाईने हे शेवटचं बोलून दाखवलं. डॉक्टरांना ते आवडलं नाही.

पण गेलेले दिवस परत आले नाहीत. झोपून राहिल्याने मांडीचे स्नायू ओसरले होते. दुसरी कुणी या पंधरा दिवसांत काठीवर आली असती. आजींना वॉकरच सुटेना. रोज त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जात आणि दमून खुर्चीत बसत. उठाबाई शेजारी चालताना मनातल्या मनात हिशेब करायची आणि तिचा जीव तळमळायचा.

घरी सोडायच्या दिवशी सून सकाळीच आली, कारखान्यातून सुट्टी घेऊन. पहिल्यांदाच दोघी भेटत होत्या. सुनेला इकडची भाषा बऱ्यापैकी येत होती.

“आई मला तेव्हा रोज म्हणायची, इथल्या बाई चालू देत नाहीत,” सून म्हणाली. “मला वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलं असेल. मी विचारायला हवं होतं.”

“तुम्ही नाही. मी.” उठाबाईने सगळं पहिल्यापासून सांगितलं, रेघांसकट. सून ऐकता ऐकता तोंडावर हात ठेवून हसू दाबू लागली आणि सासूला सांगू लागली. आजी हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या वॉकरकडे पाहिलं आणि एक छोटं वाक्य बोलल्या.

सून घुटमळली.

“सांगा ना,” उठाबाई म्हणाली.

“ती म्हणते, माझे पाय त्यात गेले.”

“हो,” उठाबाई म्हणाली. मग तिने बाईंकडून मुद्दाम शिकून आणलेला शब्द काढला, माफीचा. “Xin lỗi, bà.” सिन लोई. त्यातल्या दुसऱ्या शब्दावर नागमोडी रेघ होती.

आजींनी भुवया आक्रसल्या. “Lỗi,” त्या म्हणाल्या.

“लोई.”

“Lỗi.”

“लोई!” आवाज वर गेला, पण घशात अडकला नाही. सून हळूच म्हणाली, “आता तुम्ही ‘वाट’ म्हणालात.” पुढच्या वेळी तो खाली आपटून तुटला. “आता पाण्यातून चालणं.” आजी सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी उठाबाईचं बोट धरून आपल्या गळ्यावर ठेवलं आणि पुन्हा म्हणून दाखवलं. बोटाखाली आवाज चढला, क्षणभर थांबला, पुन्हा चढला. बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. उठाबाईने आणखी चार वेळा म्हटलं, घसा खरवडून. एकदाही बरोबर आलं नाही.

शेवटी आजींनी तिचा हात खाली ठेवला, सुनेशी काहीतरी बोलल्या आणि वॉकर पुढे टाकत दाराकडे निघाल्या.

“काय म्हणाल्या?” उठाबाईने विचारलं.

“पुढच्या महिन्यात तपासणीला यायचंय ना,” सून पिशवी उचलत म्हणाली, “तोवर शिकून ठेवा, म्हणाली. मग ऐकेन.”